एकाच कार्बनवरचे दोन हायड्रोजन की शेजारच्या कार्बनवरचे? एका बिनलेबलाच्या कुपीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी एका विद्यापीठाच्या एनएमआर केंद्रात काम करते. विद्यार्थी नमुने आणून देतात, मी स्पेक्ट्रम काढून देते आणि अर्थ त्यांनी लावायचा, अशी रीत. पण अर्थ लावताना गाडी अडली की ते परत माझ्या टेबलाशी येतात. हे प्रकरण तसंच आलं. माणसं ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत, आकडे बदललेले नाहीत.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी एक कुपी घेऊन आला. आधीच्या बॅचच्या दोघांनी एकाच फ्रिजमध्ये आपापले नमुने ठेवले होते. एकानं ओव्याचं तेल काढलं होतं, दुसऱ्यानं बाळंतशेपाचं. पावसाळ्यात फ्रिजमध्ये पाणी साचलं आणि लेबलांवरची शाई गेली. ही कुपी कुणाची आणि आत काय, हे ठरवणं हे याच्या प्रकल्पातलं छोटंसं काम होतं. आत फिकट पिवळं, पातळ द्रव होतं. वास शेपूचा येतो असं त्याचं म्हणणं, पण त्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाण्यालाही शेपूचा वास आला असता.

जीसी-एमएस बंद होतं. हाय-रिझोल्यूशन मास मात्र मिळालं होतं: १५१.१११७, म्हणजे प्रोटॉन लागलेला C₁₀H₁₄O. पेच इथूनच सुरू होतो, कारण ओव्यातला थायमॉलही C₁₀H₁₄O आणि बाळंतशेपातला कार्व्होनही C₁₀H₁₄O. वनस्पतींच्या तेलांत या सूत्राची आणखी बरीच मंडळी सापडतात. सूत्रावरून एवढंच कळतं की असंपृक्ततेचे अंश ४ आहेत, म्हणजे वलयं आणि दुहेरी बंध मिळून चार.

१५ मिलिग्रॅम नमुना ०.६ मिलिलिटर CDCl₃ मध्ये विरघळवून मी ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर प्रोटॉन, कार्बन, कॉझी आणि एचएसक्यूसी असे चार स्पेक्ट्रम काढून दिले. कार्बनसोबत डेप्टही होता, तो कोणत्या कार्बनवर किती हायड्रोजन ते सांगतो. कॉझी आणि एचएसक्यूसी नेहमीच्या ठरलेल्या सेटिंगवर. ही सेटिंगची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती माझ्याच अंगाशी येणार आहे.

अडचण

आठवड्यानं तो रचना काढून घेऊन आला. सहा कार्बनांचं वलय, त्यात कीटोन, त्याला लागून दुहेरी बंध, त्या बंधावर एक मिथाइल आणि वलयाला टांगलेला आयसोप्रोपेनिल गट. इथवर सगळं पटण्यासारखं होतं. कार्बन स्पेक्ट्रममध्ये १९९.८ पीपीएमला कार्बोनिल होता. १४६.७, १४४.५, १३५.४ आणि ११०.५ असे दुहेरी बंधांचे चार कार्बन होते. एक C=O, दोन C=C आणि एक वलय, झाले चार अंश. प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये ६.५ ते ७.५ च्या पट्ट्यात बेंझीनच्या वलयाला शोभेल असं काही नव्हतं, म्हणून थायमॉल बाद.

अडचण आयसोप्रोपेनिलच्या जागेची होती. त्यानं तो गट कार्बोनिलला खेटून, म्हणजे वलयातल्या ६ व्या कार्बनवर लावला होता. कार्व्होनमध्ये तो ५ व्या कार्बनवर असतो. त्याची रचना खरी असती तर ते कार्व्होन नव्हतं, एखादं बरंच दुर्मीळ संयुग होतं. तो खूश होता. त्याच्या मार्गदर्शक बाईंना शंका आली आणि त्यांनी त्याला माझ्याकडे धाडलं.

बाळंतशेपात कार्व्होन असतं, म्हणून हेही कार्व्होनच असणार, असं म्हणून विषय मिटवता आला असता. उत्तर बरोबर आलं असतं, पण त्याचा पुरावा हातात आला नसता. म्हणून आम्ही ठरवलं की कुपी कुठून आली हे विसरायचं आणि फक्त नकाशे वाचायचे.

पहिलं वाचन कुठे घसरलं

आधी हे दोन नकाशे काय सांगतात ते थोडक्यात. कॉझीत दोन्ही अक्षांवर हायड्रोजन असतात. एका हायड्रोजनची दुसऱ्याशी कपलिंग असली, म्हणजे एकामुळे दुसऱ्याचा सिग्नल फाटत असला, की त्या दोघांच्या छेदावर ठिपका उमटतो, त्याला क्रॉस पीक म्हणतात. बहुतेक वेळा हे हायड्रोजन तीन बंधांवरचे, म्हणजे शेजारच्या कार्बनवरचे असतात. एचएसक्यूसीत एका अक्षावर हायड्रोजन आणि दुसऱ्यावर कार्बन. जो हायड्रोजन ज्या कार्बनला थेट जोडलेला, त्यांच्या छेदावर ठिपका. मी मुलांना सांगते, कॉझी शेजार दाखवते आणि एचएसक्यूसी घर.

त्या मुलानं फक्त शेजार वाचला होता, आणि त्याची चूक अगदी समजण्यासारखी होती. प्रोटॉन स्पेक्ट्रममध्ये २.२ ते २.७ या अर्ध्या पीपीएमच्या पट्ट्यात पाच हायड्रोजन दाटीनं बसलेले. एक २.६९ ला जरा सुटा दिसत होता. बाकीचे चार डोळ्यांना दोन पुंजके वाटत होते: एक २.५ च्या आसपास, दोन हायड्रोजनांचा, दुसरा २.३ च्या आसपास, तोही दोन हायड्रोजनांचा. त्यानं सरळ हिशेब केला. पहिला पुंजका म्हणजे एक CH₂, दुसरा पुंजका म्हणजे दुसरा CH₂ आणि सुटा तो CH.

मग कॉझी. ६.७५ चा दुहेरी बंधावरचा हायड्रोजन दोन्ही पुंजक्यांना ठिपके देत होता. त्यानं २.५ कडचा मोठा ठिपका शेजारचा धरला, २.३ कडच्या छोट्याला 'लाँग रेंज' असं लिहून टाकलं. २.५ आणि २.३ या पुंजक्यांत एक भला मोठा ठिपका होता, म्हणून दोन CH₂ शेजारी. २.३ ते २.६९ असाही ठिपका होता, म्हणून त्यापुढे CH. साखळी तयार झाली: =CH–CH₂–CH₂–CH. शेवटचा CH कार्बोनिलला लागला आणि आयसोप्रोपेनिल त्याच्यावर जाऊन बसला.

२.६९ पासून २.५ च्या पुंजक्याकडेही ठिपका जात होता. त्याच्या साखळीत त्याला जागा नव्हती. तिथेही पेन्सिलीनं 'लाँग रेंज' लिहिलं होतं. रचनेत न बसणारा ठिपका आला की हा शब्द वापरायची खोड मला वर्षानुवर्षं दिसते. लाँग रेंज कपलिंग खरीच असते, याच रेणूत ती तीन-चार ठिकाणी आहे. पण तिचं चिन्ह काय, आकार किती, ती कोणत्या बंधांतून जाते, हे न सांगता तो शब्द लिहिला तर तो नुसता झाडू ठरतो.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "अरे, हे चार हायड्रोजन कोणत्या कार्बनवर आहेत?"

"मॅडम, दोन CH₂ वर. डेप्टमध्ये दोन आहेत ना, ४३.१ आणि ३१.२."

"ते मला माहीत आहे. २.५ च्या पुंजक्यातले दोघे एकाच कार्बनवर आहेत हे कशावरून?"

तो गप्प झाला. पुंजका एकच दिसतो म्हणून, एवढंच उत्तर होतं.

एचएसक्यूसीनं काय दाखवलं

आम्ही एचएसक्यूसी उघडला. तो 'एडिटेड' प्रकारचा होता. म्हणजे CH आणि CH₃ चे ठिपके एका चिन्हाचे, CH₂ चे उलट चिन्हाचे. पडद्यावर पहिले लाल, दुसरे निळे.

३१.२ च्या रेषेवर दोन निळे ठिपके होते, एक २.४५ ला आणि एक २.२९ ला. म्हणजे एक हायड्रोजन या पुंजक्यातला, दुसरा त्या पुंजक्यातला. साखळीची कथा इथेच मोडली. २.५ चा पुंजका एका CH₂ चा नव्हताच. दोन वेगवेगळ्या कार्बनांवरचा एकेक हायड्रोजन योगायोगानं जवळजवळ आला होता.

हे का होतं? या रेणूत एक असा कार्बन आहे ज्याच्यावर चार वेगळे गट आहेत. त्यामुळे वलयातल्या प्रत्येक CH₂ वरचे दोन हायड्रोजन एकमेकांचे हुबेहूब जुळे राहत नाहीत. एक वलयाच्या कडेला आडवा असतो, दुसरा वर किंवा खाली उभा, आणि दोघांची शिफ्ट, म्हणजे अक्षावरची जागा, वेगळी येते. मग एकाच कार्बनवरचे हे दोघे कॉझीत एकमेकांना मोठा, ठसठशीत ठिपका देतात. घरातल्या दोन भावांचं भांडण ऐकू आलं आणि आपण समजलो शेजाऱ्यांचं आहे. त्या मुलाचा 'दोन CH₂ मधला भला मोठा ठिपका' हा असाच होता.

हे एचएसक्यूसीशिवायही ओळखता आलं असतं का? काही अंशी हो. २.५८ च्या सिग्नलमध्ये १६ हर्ट्झचं अंतर स्पष्ट मोजता येत होतं. साध्या सहा कार्बनांच्या वलयात शेजारशेजारच्या हायड्रोजनांची कपलिंग साधारण १३-१४ हर्ट्झपलीकडे जात नाही. कार्बोनिलच्या किंवा दुहेरी बंधाच्या बाजूच्या CH₂ वरच्या जोडीत मात्र १६ ते १८ सहज येतात. तो आकडा तेव्हाच ओरडून सांगत होता. पण दाटीच्या पट्ट्यात कपलिंग मोजायला सवय लागते, एचएसक्यूसी वाचायला नुसती पट्टी.

अर्थात पट्टी लावूनही एका जागी आम्ही अडलो. ४३ च्या आसपास निळा आणि लाल एकमेकांत घुसले होते. डेप्टवरून ४२.५ ला CH आणि ४३.१ ला CH₂ आहे हे माहीत होतं. दोघांत फक्त ०.६ पीपीएमचं अंतर. मी ठरलेल्या सेटिंगवर कार्बन अक्ष १६५ पीपीएम रुंद ठेवला होता आणि त्यावर फक्त १२८ पायऱ्या घेतल्या होत्या. संगणक नंतर रेषा गुळगुळीत करून देतो, पण मुळात त्या मोजणीला दोन-अडीच पीपीएमहून बारीक दिसत नाही. २.६९ चा लाल ठिपका आणि २.५८ चा निळा ठिपका जिथे एकमेकांवर चढत होते तिथे उलट चिन्हांनी एकमेकांना खोडत होते. लाल ठिपका इतका बारीक उरला होता की मुलानं त्याला कचरा समजून सोडून दिलं होतं. त्यात दोष त्याचा कमी आणि माझ्या सेटिंगचा जास्त.

समोरचे पर्याय

तीन पर्याय होते.

पहिला, नमुना मोठ्या यंत्रावर पाठवायचा. ६०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर पाच हायड्रोजन बरेच सुटे झाले असते. पण त्यासाठी दुसऱ्या संस्थेत रांग आणि शुल्क. आमची मुख्य अडचण कार्बन अक्षावरची होती, आणि ती पायऱ्या कमी घेतल्यामुळे होती. तेवढ्याच पायऱ्यांनी मोठ्या यंत्रावरही ती तशीच राहिली असती.

दुसरा, द्रावक बदलायचा. CDCl₃ ऐवजी C₆D₆ घेतलं की कार्बोनिलजवळच्या हायड्रोजनांच्या शिफ्ट सरकतात आणि पुंजके बऱ्याचदा फुटतात. स्वस्त आणि चांगला उपाय आहे, मी एरवी तोच सुचवते. पण नमुना वाळवून पुन्हा विरघळवायचा, आणि हे तेल बाष्पशील. थोडं उडून गेलं तर हातात राहिलेलं नेमकं तेच मिश्रण आहे का, ही नवी शंका. शिवाय सगळे आकडे नव्यानं लावावे लागले असते.

तिसरा, त्याच नळीवर एचएसक्यूसी पुन्हा घ्यायचा, पण कार्बन अक्ष अरुंद करून. ज्या पाच कार्बनांबद्दल वाद होता किंवा होऊ शकत होता ते सगळे १० ते ५० पीपीएममध्ये बसत होते. खिडकी ४० पीपीएमची केली आणि पायऱ्या २५६ घेतल्या तर बारकावा ०.३ पीपीएमपर्यंत येतो. वेळ, प्रत्येक पायरीला चार स्कॅन धरून, जेमतेम अर्धा तास. आम्ही हाच पर्याय घेतला.

त्याला एक किंमत होती, आणि ती आधी सांगून ठेवणं भाग होतं. खिडकीबाहेरचे कार्बन गायब होत नाहीत, ते गुंडाळून आत येतात. ११०.५ चा कार्बन दोनदा ४० वजा होऊन ३०.५ ला दिसणार होता, म्हणजे आमच्या ३१.२ च्या अगदी मांडीला मांडी लावून. १४४.५ चा कार्बन तीनदा वजा होऊन २४.५ ला. सुदैवानं त्यांचे हायड्रोजन ४.८ आणि ६.७५ ला, त्यामुळे नकाशावर ते लांब पडलेले दिसतात आणि गोंधळ होत नाही. पण हे माहीत नसलेल्याच्या हातात तो नकाशा एकटा दिला तर त्याला ४.८ च्या हायड्रोजनाखाली ३०.५ चा कार्बन सापडेल आणि तो दिवसभर चक्रावेल. म्हणून दोन्ही नकाशे एकत्र टाचून द्यायचे.

काय केलं

नवा नकाशा आला तेव्हा ४२.५ आणि ४३.१ च्या रेषा वेगळ्या झाल्या होत्या. खालच्यावर २.६९ चा लाल ठिपका, चांगला गुबगुबीत. वरच्यावर २.५८ आणि २.३६ चे दोन निळे. आता कॉझीला हात न लावता आम्ही आधी घरांची यादी केली आणि प्रत्येक घराला अक्षर दिलं.

| घर | कार्बन | प्रकार | हायड्रोजन |
|---|---|---|---|
| क | १४४.५ | CH | ६.७५ |
| ख | ११०.५ | CH₂ | ४.८१, ४.७६ |
| ग | ४३.१ | CH₂ | २.५८, २.३६ |
| घ | ४२.५ | CH | २.६९ |
| च | ३१.२ | CH₂ | २.४५, २.२९ |
| छ | २०.५ | CH₃ | १.७५ |
| ज | १५.७ | CH₃ | १.७८ |

या यादीत एक फुकटची तपासणी दडलेली आहे. हायड्रोजनांची बेरीज करा: १+२+२+१+२+३+३, बरोबर १४. सूत्रातले सगळे हायड्रोजन कार्बनवर संपले. ऑक्सिजनवर एकही उरला नाही, म्हणजे OH नाही. थायमॉलच नव्हे, C₁₀H₁₄O ची सगळी अल्कोहोलं आणि फिनॉलं या एका बेरजेत बाद झाली. आणि सात घरं झाली, कार्बन दहा. १९९.८, १४६.७ आणि १३५.४ या तिघांवर हायड्रोजनच नाही, त्यामुळे ते एचएसक्यूसीत कधीच दिसणार नाहीत.

मग कॉझी. आधी घरातल्या घरातले ठिपके लाल पेन्सिलीनं खोडले: २.५८–२.३६ आणि २.४५–२.२९. मुलाच्या साखळीचा मुख्य दुवा इथे गेला. उरले ते घरांमधले ठिपके. क ते च असे दोन ठिपके, २.४५ कडचा मोठा आणि २.२९ कडचा लहान. हे दोन्ही खरे शेजारी. लहान-मोठं का, तर कपलिंग सुमारे ६ आणि अडीच हर्ट्झ अशी वेगळी, कारण दोन्ही हायड्रोजनांचा कोन वेगळा. क ते ग असा एकही ठिपका नाही. घ पासून च च्या दोन्ही हायड्रोजनांकडे ठिपके, आणि ग च्या दोन्हींकडेही.

इथे निर्णयाचा खरा क्षण होता. दोन साखळ्या शक्य होत्या: क–च–घ–ग, किंवा मुलाची क–च–ग–घ. मुलाची साखळी खरी असती तर च आणि घ यांच्यात चार बंधांचं अंतर पडलं असतं आणि त्यांच्यात ठळक ठिपके आले नसते. उलट च आणि ग शेजारी असते तर त्यांच्या दोन-दोन हायड्रोजनांत मिळून चार ठळक ठिपके यायला हवे होते. आम्ही ते चार छेद एकेक करून तपासले. २.३६–२.२९ हा छेद नकाशाच्या कर्णाच्या, म्हणजे प्रत्येक हायड्रोजन स्वतःलाच छेदतो त्या रेषेच्या, इतका जवळ, जेमतेम २८ हर्ट्झवर, की तिथे काही असलं तरी दिसणार नाही. तो पुरावा म्हणून वापरायचा नाही असं ठरलं. २.५८–२.२९ ला काही नाही. २.३६–२.४५ ला काही नाही. २.५८–२.४५ ला मात्र एक पुसट ठिपका होता.

"हा बघा, मॅडम," तो लगेच म्हणाला. आपल्या रचनेवरचं प्रेम असं सहज जात नाही.

त्या ठिपक्याला आम्ही बाजूला ठेवलं, खोडलं नाही. बाकीचे सगळे पुरावे क–च–घ–ग कडे होते. म्हणजे =CH–CH₂–CH–CH₂. घ हा CH साखळीच्या टोकाला नसून मधे आहे. साखळी ग पाशी संपते, कारण ग ला घ सोडून कोणी ठळक शेजारी नाही.

मिथाइलांचं प्रकरण त्यामानानं लवकर सुटलं. १.७८ आणि १.७५ या दोघांत १२ हर्ट्झचं अंतर, कॉझीत जवळजवळ एकच. ६.७५ पासून तिकडे ठिपका जात होता, म्हणून सुरुवातीला मुलाला वाटलं होतं CH₃–CH= असा तुकडा आहे. पण तसं असतं तर मिथाइल ७ हर्ट्झनं दुभंगलेला दिसला असता. दोन्ही मिथाइल बारीक, सरळ रेषेसारखे. म्हणजे कपलिंग दीड हर्ट्झच्या घरातली, दुहेरी बंध ओलांडून आलेली. इथे 'लाँग रेंज' हा शब्द हक्कानं लिहिता येतो. १.७८ क कडे आणि जरासा च कडे, १.७५ ख कडे. म्हणजे ज हा वलयातल्या दुहेरी बंधावरचा मिथाइल, छ हा आयसोप्रोपेनिलमधला.

इथे कॉझी आणि एचएसक्यूसीची हद्द संपते. साखळी क पासून ग पर्यंत हातात आहे, पण तिची दोन टोकं ज्या कार्बनांना लागतात त्यांच्यावर हायड्रोजन नाही. वलय कसं बंद होतं आणि आयसोप्रोपेनिल घ वर आहे, हे या दोन नकाशांत कुठेच लिहिलेलं नसतं, ते आपण उरलेल्या जागांवरून ठरवतो. म्हणून एचएमबीसी लावला. तो हायड्रोजनपासून दोन-तीन बंधांवरचे कार्बन दाखवतो. १.७८ चा मिथाइल १९९.८, १४४.५ आणि १३५.४ या तिघांना भेटला. १.७५ चा मिथाइल १४६.७, ११०.५ आणि ४२.५ ला. शेवटचा आकडा पाहून मुलानं आपलं कागदावरचं जुनं चित्र स्वतःच उलटं केलं. आयसोप्रोपेनिल ४२.५ च्या CH वर, आणि तो CH साखळीच्या मधे. दुसरी जागाच नाही.

निष्पत्ती

रचना कार्व्होनची ठरली. त्याच्या जुन्या रचनेविरुद्ध आणखी एक गोष्ट होती, जी आधीच खटकायला हवी होती. CH जर कार्बोनिल आणि दुहेरी बंध या दोघांच्या मधे असता तर त्याचा हायड्रोजन ३ च्या आसपास आणि कार्बन ५० च्या पलीकडे अपेक्षित होता, २.६९ आणि ४२.५ ला नव्हे.

कार्व्होन दोन आरशातल्या रूपांत मिळतं. बाळंतशेपा आणि शहाजिऱ्यात उजवं, स्पिअरमिंट पुदिन्यात डावं. साध्या द्रावकात एनएमआरला दोन्ही अगदी सारखी दिसतात, एकही ठिपका हलत नाही. म्हणून पोलरीमीटर. वळण धन आलं. स्पेक्ट्रममध्ये ५.४० ला एक बारीक सिग्नल होता, तो त्याच तेलातल्या लिमोनीनचा. कुपी बाळंतशेपावाल्याची, असं अहवालात लिहिलं गेलं, पण शेवटच्या परिच्छेदात आणि 'बहुधा' लावून.

पुन्हा करायचं झालं तर

मी स्वतः तीन गोष्टी वेगळ्या करते आता. कार्बन स्पेक्ट्रममध्ये एक पीपीएमहून जवळ दोन कार्बन दिसले तर ठरलेली सेटिंग वापरत नाही. तिथेच खिडकी अरुंद करते, अर्धा तास जास्त गेला तरी. दुसरं, विद्यार्थ्याला कॉझी आणि एचएसक्यूसी एकाच पाकिटात देताना एचएसक्यूसी वर ठेवते. हे बालिश वाटेल, पण जो कागद वर असतो तोच आधी वाचला जातो. तिसरं, प्रोटॉन स्पेक्ट्रममधल्या पुंजक्यावर 2H असं इंटिग्रेशन छापून देणं बंद केलं. पुंजक्याचं क्षेत्रफळ छापलं की तो एक गट आहे असा गैरसमज आपणच छापून देतो.

मुलाच्या बाजूनं बघितलं तर त्याचं बरंचसं काम बरोबर होतं. चूक होती ती क्रमाची. मोठ्या ठिपक्याला जवळचा नातेवाईक मानायचा त्याचा नियमही खोटा नव्हता, फक्त सर्वांत जवळचे नातेवाईक एकाच कार्बनवर असू शकतात हे त्यात नव्हतं. C₆D₆ चा मार्ग आम्ही नमुना उडण्याच्या भीतीनं टाळला. नमुना मुबलक असता तर मी तो जोडीला घेतला असता, म्हणजे २.३६–२.२९ चा कर्णाजवळचा छेदही कदाचित मोकळा झाला असता.

राहता राहिला तो बाजूला ठेवलेला पुसट ठिपका, २.५८–२.४५. दोन दिवसांनी तो मुलगा रेणूचं प्लास्टिकचं मॉडेल घेऊन आला. ग वरचा २.५८ आणि च वरचा २.४५, दोघेही वलयाच्या कडेनं आडवे असलेले हायड्रोजन. ग, घ, च या तीन कार्बनांवरून त्यांच्यातले चार बंध बोटानं गिरवले की सपाट, इंग्रजी W सारखी वाट निघते. अशा वाटेनं एक-दोन हर्ट्झची कपलिंग पोचते, आणि २.५८ च्या सिग्नलमध्ये १.६ हर्ट्झचं एक बारीक फाटणं होतंच, ते आम्ही आधी मोजूनही सोडून दिलं होतं. उभ्या हायड्रोजनांना ही वाट नसते, म्हणून बाकीचे छेद रिकामे. त्या ठिपक्याशी त्यानं आता पेन्सिलीनं 'लाँग रेंज' लिहिलं. त्यापुढे कंसात चार बंधांचे क्रमांक लिहिले.